साहेब राजीनामा घेत नाहीत? मग पोच अशी तयार करा

"हे घेऊन जा परत. मार्चएंड तोंडावर आहे आणि तू कुठं चाललास? मी घेणार नाही."

शिरोली एमआयडीसीतल्या एका मशीन शॉपमधल्या मुलाला त्याच्या मॅनेजरनं दिलेलं हे उत्तर. मुलगा क्वालिटीत होता, तीन वर्षांची नोकरी झालेली. आपण त्याला सागर म्हणू. हातातला कागद तसाच खिशात घालून तो संध्याकाळी माझ्याकडं आला. मी बरीच वर्षं टाइम ऑफिसात काढली आहेत, त्यामुळं असले कागद टेबलाच्या दोन्ही बाजूंनी बघितलेत. त्याचा पहिला प्रश्न होता, "साहेबांनी घेतलाच नाही, म्हणजे राजीनामा झालाच नाही ना?"

बहुतेकांची गाडी इथंच अडते. राजीनामा मिळणं आणि राजीनामा मंजूर होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खासगी कंपनीत नोटिशीचे दिवस मोजायचे ते पत्र कंपनीला मिळालं त्या दिवसापासून. मॅनेजरचा मूड कधी सुधारला, यावर ते अवलंबून नसतं. राजीनामा देणं हा कर्मचाऱ्याचा हक्क आहे, इच्छा नसलेल्या माणसाला कामावर राहायची सक्ती करता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये संजय जैन विरुद्ध नॅशनल एव्हिएशन कंपनी या खटल्यात म्हटलं आहे. त्याच निकालात अपवादही सांगितले आहेत. सेवानियमात किंवा नेमणुकीच्या अटीत वेगळं काही लिहिलेलं असेल, किंवा तुमच्यावर शिस्तभंगाची चौकशी चालू असेल वा होऊ घातली असेल, तर गोष्ट बदलते. सरकारी नोकरीत तर राजीनामा रीतसर मंजूर व्हावा लागतो. तेव्हा पुढचं सगळं खासगी नोकरीतल्या, चौकशी मागे नसलेल्या माणसासाठी आहे. प्रशिक्षणाचा बॉण्ड लिहून दिला असेल तर पैशाचा वाद वेगळा होऊ शकतो. त्यासाठी तो कागद वकिलाला दाखवा.

म्हणजे सागरला मॅनेजरचं मन वळवायची गरज नव्हती. पत्र अमुक दिवशी कंपनीपर्यंत पोचलं, हे नंतर कुणालाही दाखवता येईल असं कागदावर आणायचं होतं.

आधी नेमणूकपत्र बाहेर काढा

नेमणूकपत्र घरी कुठंतरी ट्रंकेत असतं. ते काढून त्यात तीन गोष्टी बघा. नोटीस किती दिवसांची आहे, पत्रावर कंपनीतर्फे सही कुणाची आहे, आणि कंपनीचा पत्ता व ईमेल काय छापला आहे. सागरच्या पत्रात तीस दिवसांची नोटीस होती आणि सही होती संचालकांची. त्याच्या मॅनेजरचं नावही त्यात कुठं नव्हतं. हे नेहमीचंच आहे. ज्याला आपण "साहेब" म्हणतो, त्याला नेमणूक करायचा अधिकार बऱ्याचदा नसतो. मग राजीनामा अडवायचा तरी कुठून येणार? म्हणून पत्र नेमणूक करणाऱ्याच्या पदनावानं लिहायचं आणि "मार्फत" म्हणून मॅनेजरचं पद खाली घालायचं.

नेमणूकपत्रच मिळालेलं नसेल, तर पगाराची स्लिप, ओळखपत्र किंवा कंपनीच्या लेटरहेडवरचा कुठलाही कागद पत्त्यासाठी चालतो.

पत्रातलं एक वाक्य बदला

आपल्याकडं शाळेपासून अर्ज लिहायची सवय असते. त्यामुळं राजीनाम्यातही हात आपोआप लिहून जातो, "तरी माझा राजीनामा मंजूर करावा, ही नम्र विनंती." सागरच्या कागदावर हेच होतं. विनंती केली की ती नाकारता येते, म्हणजे समोरच्याच्या हातात आपणच दोरी दिली. राजीनामा हे कळवण्याचं पत्र आहे. ते असं पुरतं:

"मी दि. १० फेब्रुवारी २०२६ रोजी क्वालिटी इन्स्पेक्टर या पदाचा राजीनामा देत आहे. नेमणूकपत्रातील अटीप्रमाणे तीस दिवसांची नोटीस पूर्ण करून दि. १४ मार्च २०२६ हा माझा कामाचा शेवटचा दिवस राहील. माझ्याकडील काम व वस्तू कुणाकडे सोपवायच्या ते कृपया कळवावे."

कारण लिहायची सक्ती नाही. पगार कमी, साहेब त्रास देतात, हे याच पत्रात ओतलं की पुढचा सगळा पत्रव्यवहार त्या तक्रारीवर फिरतो आणि तारीख बाजूला राहते. तक्रार असेल तर तिचं पत्र वेगळं.

तारखेत थोडी सैल जागा ठेवायला मी सांगितलं. ती का, ते पुढं येईल.

हातात द्यायचा दिवस

दोन प्रती घ्या. एक कंपनीची, एक आपली स्थळप्रत. स्थळप्रतीवर पोच घ्यायची: सही, नाव, तारीख, वेळ आणि असेल तर आवक शिक्का. आपल्या कारखान्यांत आवक-जावकचं रजिस्टर बहुधा ऑफिसात नाही तर गेटजवळच्या केबिनमध्ये असतं. तिथला माणूस रोज टपाल घेऊन शिक्का मारतोच. त्यामुळं मॅनेजरच्या केबिनमध्ये जाण्याआधी तिथं जाऊन बघायला हरकत नाही. पुष्कळदा काम तिथंच होतं.

मॅनेजर सही करायला कचरतो त्यामागं नेहमी वाईटपणाच असतो असं नाही. सही केली म्हणजे आपणच माणूस सोडला, असं वर समजलं जाईल, ही भीती असते. अशा वेळी स्थळप्रतीवर आपणच लिहून द्यावं: "केवळ पत्र मिळाल्याची पोच, मंजुरी नव्हे." या एका ओळीवर सही देणारे मॅनेजर मी पाहिले आहेत.

तरी नाहीच घेतलं, तर नकार नेमका कसा मिळतोय तिकडं लक्ष द्या. तोंडावर "घेणार नाही" म्हणणं तसं बरं, गोष्ट स्पष्ट झाली. अवघड प्रकार म्हणजे "ठेव टेबलावर, बघतो." कागद ड्रॉवरमध्ये जातो, पोच मिळत नाही, आपण खूश होऊन बाहेर पडतो. तीन आठवड्यांनी विचारलं की उत्तर येतं, "कुठला राजीनामा?" सही नसेल तर असा ठेवलेला कागद दिलाच नाही असं समजा आणि लगेच पुढच्या पायरीला लागा.

तिथं वाद घालू नका, कागद टेबलावर आपटू नका, मोबाइल पुढं करून चित्रीकरण तर नकोच. सोबतच्या मित्राला साक्षीदार म्हणून नेण्याचा मोहही मी टाळतो. तो बिचारा उद्या त्याच साहेबाच्या हाताखाली असतो आणि गरज पडेल तेव्हा त्याला काही आठवत नाही. बाहेर आल्यावर घड्याळ बघून वेळ टिपून ठेवा. सागरनं टिपलं होतं: मंगळवार, १० फेब्रुवारी, दुपारी बारा वाजून दहा मिनिटं.

त्याच संध्याकाळी ईमेल

दुसऱ्या दिवसावर टाकू नका. त्याच दिवशीची नोंद आणि आठवड्यानं आठवून लिहिलेली नोंद यांत फार फरक पडतो.

ईमेल स्वतःच्या खासगी खात्यातून पाठवा. कंपनीच्या खात्यातून पाठवला आणि उद्या पासवर्ड बंद झाला, तर पुरावा कंपनीच्या कपाटात आणि चावीही त्यांच्याकडंच. पाठवायचा कुणाला? नेमणूकपत्रावर किंवा लेटरहेडवर जो पत्ता कंपनीनं स्वतः छापला आहे त्याला. प्रत एचआरला आणि मॅनेजरला. पत्ता कंपनीनं दिलेला असण्याला महत्त्व आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम १३ प्रमाणे, घेणाऱ्यानं जी ईमेल व्यवस्था ठरवून दिलेली असते, तिच्यात संदेश शिरला की तो मिळाला असं धरलं जातं. साहेबांनी उघडून वाचला की नाही, हा मुद्दा मग उरत नाही.

सागरचा ईमेल साधारण असा होता:

"विषय: राजीनामा, दि. १० फेब्रुवारी २०२६. महोदय, आज दुपारी १२.१० वाजता मी माझे राजीनाम्याचे पत्र मॅनेजरसाहेबांना त्यांच्या केबिनमध्ये देण्यास गेलो. त्यांनी ते घेण्यास नकार दिला. तेच पत्र या ईमेलसोबत जोडत आहे व त्यातील मजकूर खाली पुन्हा देत आहे. नोटिशीचा काळ आजपासून धरावा. हेच पत्र पोस्टानेही पाठवीत आहे."

खाली राजीनाम्याचा पूर्ण मजकूर. फक्त जोडपत्रावर विसंबायचं नाही, कारण "फाइल उघडली नाही" हे उत्तर सोपं असतं. आणि सबंध ईमेलात "उद्धटपणे", "अपमान करून" असे शब्द नाहीत, हे बघितलंत? वेळ, जागा, काय झालं, बास. हा ईमेल उद्या कामगार कार्यालयात कुणी वाचला, तर त्याला यात भांडण दिसता कामा नये.

पाठवून झाल्यावर दहा मिनिटं थांबून इनबॉक्स बघा. पत्ता चुकला असेल तर `Mail Delivery Subsystem` कडून परतीचा निरोप येतो. तो आला असेल तर ईमेल पोचलेला नाही, पत्ता तपासून पुन्हा पाठवा. पोचला असेल तर जीमेलमध्ये तो ईमेल उघडून `Download message` निवडा आणि मिळालेली फाइल दुसरीकडं ठेवून द्या. स्क्रीनशॉट दाखवायला बरा, पण त्यात फेरफार केल्याचा आरोप सहज होतो. मूळ ईमेल खात्यातून पुसू नका. कोर्टात गेलंच प्रकरण, तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे त्याच्यासोबत प्रमाणपत्र लागतं, आणि मूळ जागेवर असेल तरच ते नीट देता येतं.

व्हॉट्सॲपवरही मॅनेजरला पत्राची पीडीएफ पाठवायला हरकत नाही. पण त्या चॅटमध्ये निरोप आपोआप नाहीसे होण्याची सोय चालू नाही ना, हे आधी बघा. आणि व्हॉट्सॲप हे जोडीला, ईमेलच्या जागी नव्हे. कंपनीत ऑनलाइन पोर्टल असेल तर तिथंही राजीनामा भरा आणि भरल्याचं पान लगेच जपून ठेवा. मॅनेजरनं तिथं "नामंजूर" दाबलं, तरी तुम्ही कळवलं त्या तारखेची नोंद त्यानंच करून दिलेली असते.

दुसऱ्या दिवशी पोस्ट

"आता ईमेल गेलाय की, पोस्ट कशाला?" सागरचा प्रश्न रास्त होता. ईमेलचा वाद तांत्रिक होऊ शकतो. पोस्टमनचा शेरा मात्र ना आपल्या बाजूचा असतो, ना कंपनीच्या. शिवाय सर्वसाधारण खंड अधिनियम १८९७ च्या कलम २७ मध्ये नोंदणीकृत टपालाला खास वजन आहे. पत्ता बरोबर असेल, तिकीट पुरतं असेल, तर पत्र पोचलं असं गृहीत धरतात. नाही पोचलं हे सिद्ध करायचं ओझं समोरच्यावर जातं. खासगी कुरिअरला हा आधार नाही.

एक बदल लक्षात ठेवा. पूर्वीचं रजिस्टर पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं आहे. त्यामुळं खिडकीवर "रजिस्टर एडी करायचं आहे" म्हटलं तर गोंधळ उडेल. "स्पीड पोस्ट, नोंदणीसह, आणि पोच परत हवी" असं सांगा.

पाकीट बंद करण्याआधी टेबलावर पत्र, त्यावरची सही आणि पाकिटावरचा पत्ता एकत्र दिसेल असा फोटो काढा. पाकिटाच्या बाहेर, डाव्या कोपऱ्यात लिहा: "राजीनाम्याचे पत्र, दि. १० फेब्रुवारी २०२६." हे मी एका कटू अनुभवातून शिकलो. आमच्याच एका माणसाचं पाकीट कंपनीनं घेतलं, पोचही दिली, आणि नंतर म्हणाले, आत कोरा कागद होता. बाहेर मजकूर लिहिलेला असला आणि त्याच दिवशीच्या ईमेलमध्ये पोस्टाचा क्रमांक दिलेला असला, की असलं बोलणं टिकत नाही. म्हणून पोस्टातून बाहेर पडल्यावर पावतीचा फोटो जोडून आदल्या दिवशीच्याच ईमेलला उत्तर म्हणून दोन ओळी टाकायच्या: पत्र पाठवलं, क्रमांक हा. पावतीची शाई पुढं फिकी पडते, म्हणून फोटो त्याच दिवशी.

सागरनं बुधवारी ११ तारखेला पोस्ट केलं. गुरुवारी १२ ला पोस्टमन गेटवर गेला. गेटवरच्या माणसाला वरून सांगितलेलं होतं, त्यानं पाकीट घेतलं नाही. काही दिवसांनी ते सागरच्या घरी परत आलं. त्यावर शेरा होता, घेण्यास नकार.

सागर हिरमुसला. मी म्हटलं, अरे, तुझं काम झालं. बरोबर पत्त्यावर गेलेलं पाकीट नाकारलं, तर साधारणपणे ते पोचलं असंच धरतात. आता एकच करायचं: ते पाकीट उघडायचं नाही. बंद पाकीट, वरचा शेरा, शिक्के, तारीख, हे सगळं मिळून पुरावा आहे. फोडलं की आत काय होतं याला उत्तर उरत नाही. सागरच्या आईनं ते उघडायला घेतलंच होतं, थोडक्यात वाचलं.

शेरा मात्र नीट वाचा. "नकार" आणि "दार बंद" यांत अंतर आहे, आणि "पत्ता अपुरा" असेल तर ती आपलीच चूक धरली जाते. प्लॉट नंबर राहिला असेल, तर दुरुस्त पत्त्यावर पुन्हा पाठवा. एमआयडीसीत प्लॉट नंबराशिवाय पत्ता म्हणजे पत्ता नव्हेच.

दिवस मोजताना

आता ती सैल जागा. ईमेल १० फेब्रुवारीला गेला. दुसऱ्या दिवसापासून तीस दिवस मोजले, तर फेब्रुवारीचे अठरा आणि मार्चचे बारा, म्हणजे १२ मार्च. पण कंपनी म्हणू शकते, आम्ही ईमेल मानत नाही, पोस्ट आलं १२ तारखेला. मग १३ पासून फेब्रुवारीचे सोळा आणि मार्चचे चौदा, म्हणजे १४ मार्च. दोन दिवसांसाठी भांडत बसायचं कशाला? म्हणून पत्रातच शेवटचा दिवस १४ मार्च ठेवला. पाडवा १९ मार्चला होता, नवी नोकरी त्यानंतर धरायची होती, त्यामुळं सागरचं काही बिघडलं नाही. नव्या कंपनीला रुजू व्हायची तारीख सांगताना असे तीन-चार दिवस हाताशी ठेवाच.

नोटिशीतले दिवस

इतकं करून माणूस घसरतो तो इथं. "साहेब घेत नाहीत ना, मग मी पण उद्यापासून येत नाही." असं केलं की आपली बाजू संपली. कंपनी गैरहजेरीचं पत्र पाठवते, आणि राजीनाम्याच्या वादाऐवजी न सांगता निघून गेल्याचा वाद सुरू होतो. रोज जा, थंब मारा, मस्टर असेल तर सही करा. गेटवरच अडवलं तर भांडू नका, लगेच तिथूनच त्याच ईमेलच्या साखळीत लिहा: आज सकाळी इतक्या वाजता कामावर आलो, आत सोडलं नाही.

या काळात मॅनेजर एकदम गोड होऊन म्हणेल, "तारीख जरा पुढची टाकून नवीन पत्र दे, मी लगेच सही करतो." नको. नवीन पत्र दिलं की जुन्याची नोटीस गेली आणि मोजणी पहिल्यापासून. "राजीनामा मागे घेतो" असा कागद तर वाचल्याशिवाय सही करायचाच नाही. शेवटच्या दिवसाआधी राजीनामा मागे घेता येऊ शकतो, म्हणूनच तो कागद त्यांना हवा असतो. खरंच आणखी आठ दिवस थांबायची तुमची तयारी असेल, तर जुन्या पत्राचा हवाला देऊन, "१० फेब्रुवारीचा राजीनामा कायम ठेवून फक्त शेवटचा दिवस बदलत आहे" असं लिहा.

कामाचं हस्तांतर करताना यादी करा. सागरकडं व्हर्नियर, दोन मायक्रोमीटर, कपाटाची चावी, तपासणीच्या फायली आणि ओळखपत्र होतं. यादीच्या दोन प्रती केल्या, स्टोअरवाल्याची सही घेतली. मजेची गोष्ट अशी की राजीनामा न घेणाऱ्या कंपनीत चावी आणि मायक्रोमीटर परत घेतल्याची सही मात्र दोन मिनिटांत मिळाली. त्या सहीखाली तारीख होती १४ मार्च.

हिशोब आणि पीएफ

२१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेत राजीनाम्यानंतर दोन कामाच्या दिवसांत पगाराचा हिशोब द्यायचा आहे. तो आला नाही, तर या सगळ्या कागदांची फाइल घेऊन कोल्हापुरातल्या सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात जाता येतं. तिथंही पहिला प्रश्न तारखेचाच असतो.

पीएफमध्ये कंपनीनं सोडल्याची तारीख भरली नाही, तर अडून राहू नका. शेवटची वर्गणी जमा झाल्यापासून दोन महिने झाले, की सभासदाला यूएएन पोर्टलवर `Manage` मध्ये जाऊन `Mark Exit` करता येतं. आधारशी जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो, म्हणून नंबर चालू ठेवा. तारीख टाकताना जपून, ती नंतर बदलायची म्हणजे पुन्हा कंपनीच्याच दारात जावं लागतं. सागरनं मेच्या शेवटी ही तारीख भरली. ते पाकीट अजून त्याच्या कपाटात आहे, न उघडलेलं.